खोल चरात उतरण्यापूर्वी: माती ढासळण्याच्या खुणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रेनेज आणि पाण्याच्या पाइपलाइनच्या साइटवर मी रोज सकाळी, पहिला माणूस शिडीवर पाय ठेवण्याआधी, दहा मिनिटे बोलतो. त्या दहा मिनिटांत आणि त्यानंतर चहाच्या टपरीवर बिगारी, मुकादम आणि नवे इंजिनिअर जे प्रश्न विचारतात तेच इथे घेतले आहेत. समोर एकच चर धरून चालू: गल्लीतल्या ड्रेनेजसाठी खोदलेला, ३ मीटर खोल, १ मीटर रुंद, वरचा निम्मा भाग काळ्या मातीचा आणि खाली मुरूम. पुण्यापासून लातूरपर्यंत असा चर तुम्हाला कुठेही भेटेल.

चर किती खोल गेला की त्याला खोल म्हणायचे?

१.५ मीटर, म्हणजे पाच फूट. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या सुरक्षा नियमांत हाच आकडा आहे. १.५ मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजू एकतर पायऱ्या पाडून उतरत्या करायच्या, नाहीतर लाकडी टेकू देऊन धरून ठेवायच्या. शिडी तर १.२ मीटरपासूनच लागते, आणि ती जमिनीच्या वर किमान ९० सेंटिमीटर निघालेली हवी.

पाच फूट म्हणजे उभ्या माणसाच्या गळ्यापर्यंत, असे म्हणून काही जण हसण्यावारी नेतात. पण चरात कोणी सरळ उभा राहत नाही. पाइपचा सांधा बसवताना माणूस उकिडवा बसतो, त्याचे डोके कमरेच्या उंचीला येते. त्या वेळी १.२ मीटरचा चरही त्याच्या डोक्यावरून जातो.

भिंत दगडासारखी कडक लागते, पहारही घुसत नाही. ती पडेल कशाने?

माती खोदण्याआधी तिला दोन्ही बाजूंनी शेजारच्या मातीचा दाब असतो. आपण चर काढतो तेव्हा एका बाजूचा दाब काढून घेतो. भिंत लगेच पडत नाही, कारण चिकण मातीत थोडी ओल असते आणि ती ओल कणांना एकमेकांकडे ओढून धरते. ही पकड उसनी आहे. वरचा थर उन्हाने वाळला की तो आकसून फाटतो. पाणी मिळाले की माती फुगते आणि सैल होते. दोन्ही वेळा पकड जाते. म्हणूनच पोकलेनने कापल्यावर पहिल्या तासात ताठ उभी असलेली भिंत दुसऱ्या दिवशी दुपारी बसते.

मुरमाची गोष्ट वेगळी. तो चिकटपणावर नाही, एकमेकांत अडकलेल्या तुकड्यांवर उभा असतो. वरून भक्कम दिसतो, पण त्यातले थर चराकडे उतरते असले तर अख्खी चकती सरकून येते, आणि फार थोडी सूचना देते. म्हणून 'मुरूम लागला, आता काळजी नाही' हे वाक्य मी साइटवर कोणाला बोलू देत नाही.

उतरण्यापूर्वी नेमके काय पाहायचे, आणि कोणत्या क्रमाने?

आधी वरची जमीन, मग भिंत, मग तळ. सगळे वरूनच पाहायचे, आणि तेही चराच्या टोकाला उभे राहून, लांबीच्या दिशेने. लांब काठावर उभे राहून आत डोकावणारा माणूस त्याच ढेकळावर उभा असतो जे पडणार आहे.

वरच्या जमिनीवर चराला समांतर भेग शोधा. डांबरी रस्ता असेल तर डांबरावर केसासारखी रेघ दिसते. फूटपाथचे ब्लॉक एका रेषेत उघडलेले दिसतात. कुंपणाचा खांब किंवा विजेचा खांब काल सरळ होता आणि आज चराकडे झुकला असेल, तर जमीन सरकली आहे. शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीला तिरकी नवी चीर पडली असेल तरी तोच अर्थ.

मग भिंतीकडे या. गुडघ्याच्या उंचीला, म्हणजे तळापासून हात-दीड हातावर भिंत पोट काढल्यासारखी फुगलेली आहे का ते पाहा. वरचा भाग खाली बसायला लागला की खालचा भाग बाहेर येतो. सरळ रेघ डोळ्याला कळत नाही, म्हणून टोकावरूनच ओळंबा सोडा आणि सुतळीपासून भिंतीचे अंतर वर, मध्ये आणि खाली किती आहे ते बघा. त्यानंतर काळी माती आणि मुरूम जिथे भेटतात तो पट्टा पाहा. पाणी काळ्या मातीतून झिरपते, मुरमाच्या माथ्यावर अडते आणि तिथून आडवे वाहत चराकडे येते. त्या सांध्यावर ओला, काळपट पट्टा दिसला तर वरची माती निसरड्या पाटावर बसलेली आहे, असे समजा.

शेवटी तळ. काल झाडून काढलेल्या तळावर आज भिंतीलगत मातीचा छोटा ढीग दिसला, तर रात्रीत भिंत गळते आहे. तळ मधून वर आला असेल, तर बाजूच्या मातीचे वजन त्याला वर ढकलते आहे. तळात पाणी साचून भिंतीचा पाय भिजला असेल, तर तो पाय आतून खाल्ला जातो आणि वरचा भाग लटकता राहतो.

काठाजवळ भेग आहे, पण इतकी बारीक की नख जात नाही. उतरू का?

नाही. भेगेची रुंदी दुय्यम आहे, ती काठापासून किती अंतरावर आहे ते आधी मोजा. ओढ बसून पडणारी भेग साधारणपणे चराच्या खोलीच्या अर्ध्या ते पाऊण अंतरावर येते. आपला चर ३ मीटरचा, म्हणजे भेग काठापासून १.५ ते २.२५ मीटरवर शोधायची. बहुतेक जण काठापासून वीतभर अंतरावर पाहतात आणि 'काही नाही' म्हणून वळतात. खरी भेग तेव्हा त्यांच्या पाठीमागे असते, आणि अनेकदा खोदलेल्या मातीच्या ढिगाखाली झाकलेली असते.

आता वजन बघा. भेग १.५ मीटरवर आहे आणि तिथून माती तिरकी तळापर्यंत सुटली, असे धरा. त्रिकोणी तुकडा झाला: १.५ गुणिले ३, त्याचे निम्मे, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. फक्त २ मीटर लांबीचा तुकडा सुटला तरी साडेचार घनमीटर माती. एका घनमीटरचे वजन दीड ते दोन टन असते, म्हणजे हा तुकडा पावणेसात ते नऊ टनांचा होतो. तो पडायला एक सेकंदही लागत नाही. १ मीटर रुंदीच्या चरात माणसाला बाजूला सरकायला जागाच नसते, आणि शिडी चार पावलांवर असली तरी तिथे पोचता येत नाही.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतातच. त्यातली धोक्याची कोणती, हे कसे ओळखायचे?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तो खरोखर जमीन पाहिलेला माणूसच विचारतो. वाळल्यामुळे पडलेल्या भेगा जाळीसारख्या असतात. त्या सगळ्या दिशांना जातात, चरापासून लांब शेतातही तशाच दिसतात आणि त्यांच्या दोन्ही बाजू एका पातळीत असतात. सरकण्याची भेग चराच्या बाजूने धावते, बरीच लांब जाते आणि तिची चराकडची बाजू किंचित खाली बसलेली असते. भेगेवर आडवी फळी ठेवून पाहा. फळी एका बाजूला डुलली किंवा खाली फट दिसली, तर ती साधी भेग नाही.

नक्की करायचे असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब खिळा ठोका, दोन्ही खिळ्यांच्या डोक्यांमधले अंतर टेपने मोजा आणि वहीत वेळेसह लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक दिसला तरी जमीन चालू आहे. खिळे ठोकायला एकट्याने जायचे नाही. चरात कोणी नाही आणि जवळचे यंत्र बंद आहे, याची खात्री करूनच जायचे.

पण जाळीची भेग निरुपद्रवी आहे, असेही समजू नका. काळ्या मातीतल्या भेगा मीटरभर खोल जातात. वळवाचा पाऊस आला की त्या पाण्याने भरतात आणि ते पाणी भिंतीला मागून ढकलते. १.५ मीटर खोल भेग काठोकाठ भरली, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एक टनाहून जास्त आडवा रेटा येतो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावरचे पहिले दोन-तीन पाऊस मला भर पावसाळ्यापेक्षा जास्त वाईट वाटतात.

पाऊस रात्रीच थांबला. ऊन आहे, चर पंपाने कोरडा केला आहे. आता तरी?

पंपाने चरातले पाणी जाते, भिंतीतले नाही. उलट चर भरलेला असताना आतले पाणी भिंतीला थोडाफार आधार देत असते. ते भराभर उपसले की तो आधार जातो आणि भिजून जड झालेली माती मागून तशीच रेटत राहते. पंप चालू असताना आणि तो थांबल्यावरचा काही वेळ चराजवळ कोणी थांबायचे नाही. नंतर वरची सगळी पाहणी पहिल्यापासून करायची. सकाळी केलेली पाहणी पावसानंतर चालत नाही. तसेच शेजारून जड डंपर गेला, जवळ ब्रेकर चालला किंवा दोन तासांपेक्षा जास्त सुट्टी झाली, तरी पुन्हा पाहायचे.

पोकलेनवाल्याने काढलेली माती काठालाच रचली आहे. हटवायलाच हवी का?

हो. चराच्या काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यातले जे जास्त असेल तेवढे अंतर मोकळे ठेवायचे. ३ मीटरच्या चराला दोन्ही हिशेब सारखेच येतात, १.५ मीटर. ४ मीटरचा चर असेल तर २ मीटर. पाइप, विटा, सिमेंटच्या गोण्या यांनाही हेच लागू.

गल्लीत जागा नसते, हे खरे आहे. मग माती ट्रॅक्टरने उचलून लांब टाकावी लागते आणि त्याचा खर्च ठेकेदाराने कामाच्या दरात आधीच धरायला हवा.

जुन्या पाइपलाइनशेजारी खोदताना वेगळे काय?

फार वेगळे. जुन्या लाइनच्या चरात भरलेली माती वीस वर्षांनंतरही मूळ मातीसारखी होत नाही. तिच्यात विटांचे तुकडे, प्लास्टिक आणि राडारोडा असतो, आणि आपण चर काढतो तेव्हा त्या भरावाच्या आणि आपल्या मध्ये मूळ मातीची पातळ भिंतच उरते.

एक सकाळ मला तारखेसह आठवते. चर अडीच मीटरचा होता, टेकू फक्त निम्म्या लांबीला दिलेले होते. आम्ही तेव्हा टेकू असलेल्या भागात काम करत होतो. साडेदहाच्या सुमारास एका वयस्क बिगाऱ्याने वर येऊन सांगितले, 'साहेब, तिकडच्या भिंतीतून खडे गळायला लागलेत, आवाज येतोय.' मी पाहिले तर खरेच हरभऱ्याएवढे खडे थोडे थांबून थोडे थांबून घरंगळत होते. भिंत फुगलेली दिसत नव्हती, वर भेगही नव्हती. सगळ्यांना बाहेर काढले. वीसेक मिनिटांनी टेकू नसलेल्या भागातली चारेक मीटर लांबीची भिंत एकदम खाली बसली. मागे जुनी पाण्याची लाइन निघाली. तिच्या एका सांध्यातून थेंब थेंब पाणी गळत होते आणि तिच्यावरचा सगळा भराव चिखल झाला होता. कोणालाही खरचटले नाही. ती लाइन नकाशावर होती, पण मी ती जागेवर जाऊन शोधली नव्हती. ती चूक माझी होती. तेव्हापासून खोदाईच्या आदल्या दिवशी मी गल्लीतल्या जुन्या रहिवाशांना विचारतो, 'इथून पूर्वी कशाची लाइन गेली होती का?' नकाशात नसलेली उत्तरे तिथे मिळतात.

एकही खूण दिसत नाही. टेकू नसताना पाच मिनिटांसाठी, फक्त लेव्हल घ्यायला उतरलो तर?

नाही उतरायचे. या पानावरचे हे सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे. खुणा दिसल्या तर माणसांना लांब ठेवायचे. पण खुणा दिसल्या नाहीत म्हणजे चर सुरक्षित आहे, असा उलटा अर्थ काढायचा नाही. मुरमाची चकती, भरावामागचा चिखल, चार घरांपलीकडे फुटलेला नळ हे वरून दिसत नाहीत. १.५ मीटरच्या पुढे टेकू किंवा उतार नसेल, तर खूण असो वा नसो, आत जायचे नाही. लेव्हल वरून स्टाफ, म्हणजे लांब मोजपट्टी, सोडूनही घेता येते.

टेकू लावले आहेत. आता भिंतीकडे पाहायची गरज नाही ना?

टेकूंकडेच पाहायचे. उभ्या फळ्या, आडव्या तुळया आणि चराच्या आरपार बसवलेले आडटेकू पाचर मारून घट्ट केलेले असतात. काल घट्ट असलेली पाचर आज खाली पडलेली दिसली, तर तिथली भिंत मागे सरकून पोकळी झाली असेल. उलट आडटेकू वाकला, लाकूड कचकचले, फळी तुळईत रुतली, तर भिंत पुढे येते आहे. फळीमागे पोकळी असेल, तर हातोडीने ठोकल्यावर भदभद असा आवाज येतो.

टेकू वरून खाली लावत जायचे आणि काढताना खालून वर, भराव टाकत टाकत. काढण्याच्या वेळी घाई होते, कारण पाइप बसलेला असतो आणि सगळ्यांना घरी जायचे असते.

तुमचे ते दहा मिनिटांचे बोलणे कसे असते?

कागद वाचून दाखवत नाही. सगळ्यांना चराच्या टोकाला, काठापासून लांब उभे करतो. आमच्याकडे मराठवाड्यातली माणसे असतात, उत्तर प्रदेश-बिहारचीही असतात, म्हणून मराठी आणि हिंदी दोन्हींत बोलतो. साधारण असे:

'दादा, काका, सगळे इकडे या. आजचा चर दहा फुटांचा आहे. रात्री पाऊस झालाय. मी वरून पाहिलंय. डाव्या बाजूला, त्या खांबापासून टपरीपर्यंत, सांध्यावर ओल आहे. तिथे आणखी दोन टेकू बसेपर्यंत कोणी जायचं नाही. उजवी बाजू टेकूत आहे. शिड्या दोन आहेत, इथे एक आणि तिथे एक. काम करताना जवळची शिडी कुठली, ते आत्ताच बघून ठेवा. खडे गळाले, लाकूड वाजलं, पायाखाली पाणी आलं, तर मला विचारायला थांबू नका. जो पहिला बघेल त्यानं ओरडायचं, बाहर! हा शब्द ऐकला की फावडं, मोबाइल, सगळं तिथंच टाकून शिडी. वर आल्यावर काही नव्हतं असं निघालं, तरी ओरडणाऱ्याला कोणी हसायचं नाही. आता मामा, तुम्ही सांगा, भेग कुठे शोधायची?'

शेवटचा प्रश्न मी रोज वेगळ्या माणसाला विचारतो. त्याने काठाकडे बोट दाखवले, तर त्याला भेग जिथे येऊ शकते त्या अंतरापर्यंत टेप धरायला लावतो. एकदा स्वतः मोजलेले माणूस विसरत नाही.

मुकादम म्हणतो, 'काही होत नाही, उतर.' मी काय करू?

वाद घालू नका, खूण दाखवा. 'मुकादम, ही भेग बघा, काठापासून पाच फुटांवर आहे' असे म्हटले की बोलणे भीतीवरून मोजमापावर येते. मोबाइलवर टेप लावलेला फोटो काढा आणि साइट इंजिनिअरला दाखवा. एकट्याने नाही म्हणणे अवघड जाते, म्हणून गँगमधल्या दोघा-तिघांनी मिळून सांगा. मुकादमांनाही माझी विनंती आहे, की तुमच्या गावची, तुमच्या शब्दावर आलेली माणसे आहेत ही. एक दिवसाची हजेरी बुडाली, तर ती ठेकेदाराकडून मागून घेता येते.

कोणी गाडला गेलाच, तर?

पहिली ओढ आत उडी मारण्याची असते आणि तीच दुसरा बळी घेते. भिंत एकदा पडली की उरलेला वरचा भाग लटकता राहतो आणि थोड्याच वेळात तोही येतो. अग्निशमन दलाला १०१ आणि रुग्णवाहिकेला १०८ लावा. जवळची सगळी यंत्रे आणि वाहतूक थांबवा, कारण धक्क्याने उरलेली भिंत सुटते. फुटलेला नळ असेल तर व्हॉल्व्ह बंद करा. किती जण आत होते ते मोजा आणि शेवटचे कुठे दिसले ती जागा वरून खुणेने दाखवा. पोकलेनच्या बकेटने उकरू नका. बकेट माणसाला लागते आणि यंत्राच्या वजनाने काठ पुन्हा बसतो.

डोके बाहेर असले तरी छातीभोवती माती असेल, तर वेळ फार थोडा असतो. माणूस श्वास सोडतो तेव्हा छाती आत जाते, ती जागा माती भरून काढते आणि पुढचा श्वास त्याहून लहान होतो. जवळचा भाग टेकूने धरून झाला की आधी तोंड आणि छाती हाताने मोकळी करायची. दोर बांधून ओढायचे नाही, त्याने सांधे आणि पाठीचा कणा मोडतो. पाय बराच वेळ दबलेले असतील, तर सुटल्यानंतर माणूस ठीक बोलत असतानाही अचानक कोसळू शकतो, कारण चेंगरलेल्या स्नायूंतली घातक द्रव्ये एकदम रक्तात येतात. म्हणून माती किती वाजता पडली ते घड्याळात पाहून लिहून ठेवा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा.